हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण हो!

आपल्या गावातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर भेटीच्या वेळेची नोटीस लागलीय. वर मराठी, खाली परराज्यातल्या मुलींसाठी हिंदी. मराठी आधी हवीच, त्यात वाद नाही. पण खालची हिंदी वाचा राव.

मराठीत आहे: 'भेटीची वेळ रविवारी ४ ते ६. बाहेरगावच्या पालकांना लेखी अर्जावर इतर दिवशीही भेटता येईल. नियम मोडल्यास शिक्षा होईल.' शेवटचं झालंय 'शिक्षा दी जाएगी'. म्हणजे नियम मोडा, शिक्षण मिळेल! यावर मुली हसतात, ठीक आहे. पण मधल्या वाक्यात 'बाहेरगावच्या'चं केलंय 'बाहर के गाँव के'. पाटण्याहून आलेल्या एका वडिलांनी मंगळवारी ते वाचलं. आपण तर शहरातले, सवलत खेड्यातल्यांना असणार, असं समजून त्यांनी अर्जच मागितला नाही. पोरीसाठी आणलेला डबा वॉचमनकडे देऊन गेले परत स्टेशनला. सवलत होती ती त्यांच्यासारख्यांसाठीच!

ऑफिसात विचारलं तर म्हणे, "लिपी एकच आहे, समजतं सगळ्यांना." अहो, लिपी एक म्हणूनच तर घोळ होतो. इंग्रजी नोटीस असती तर चार जणांना दाखवली असती. हिंदी काय, आपल्याला येतेच!

'दूसरे शहर या राज्य से आए अभिभावक' आणि 'सज़ा', एवढंच लिहायचं होतं. बिहार-यूपीच्या मुली आतच राहतात. छापण्याआधी एकीला वाचायला दिली असती तर पाच मिनिटांचं काम. आता तरी द्या. येत्या रविवारपर्यंत नोटीस बदलली नाही, तर फोटो इथेच टाकतो.