नळ घरात, चावी कंपनीकडे

मार्केट यार्डातल्या अडत्याचा फोन पहाटे पाचपासून दणादण वाजू लागतो. तालुक्याच्या एका यार्डात मात्र गेल्या महिन्यात भलताच प्रकार घडला. तिथल्या भाजीच्या एका अडत्याने जुने सिम देऊन नवे घेतले आणि त्याचा फोन एकाएकी शिस्तीत वागू लागला. एका वेळी एकच माणूस. तो शेतकऱ्याशी बोलत असला की हॉटेलवाल्याला ‘आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते व्यस्त आहेत’ असे ऐकू येई, आणि हॉटेलवाला शेजारच्या गाळ्याला फोन लावून कोथिंबीर उचली. अडत्याला मधला टुकटुक आवाज येईना, की पडद्यावर दुसरे नाव दिसेना. आपले गिऱ्हाईक कुठे गेले हे त्याला आठवडाभर कळलेच नाही.

त्याने ग्राहकसेवा केंद्राला फोन केला. फोन बंद करून चालू करा, असे उत्तर मिळाले. केला. मग फोन ‘रीसेट’ करा म्हणाले; तोही केला, आणि त्यात नातवाचे फोटो गेले. शेवटी ‘हँडसेटच जुना झालाय साहेब’ असे निदान झाले. दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा हा कारभार.

वास्तविक कॉल वेटिंग, होल्ड आणि कॉन्फरन्स या सोयी फोनमध्ये तयार होतच नाहीत. फोनवर असते ते फक्त बटण. दुसरा कॉल तुमच्यापर्यंत सोडायचा की ‘व्यस्त’ सांगून परतवायचा, हे कंपनीचे नेटवर्क ठरवते, आणि त्यासाठी तुमच्या क्रमांकापुढे कोणत्या सोयी मंजूर आहेत हे स्वतःच्या ग्राहकनोंदीत पाहते. या सोयींना ‘सप्लिमेंटरी सर्व्हिसेस’ म्हणतात. नोंदीत खूण नसेल तर लाखाचा फोन घेतला तरी टुकटुक वाजणार नाही. घरात चकाचक नळ बसवला आणि चौकातल्या चावीवाल्याने चावीच फिरवली नाही, तसेच हे. सिम बदलताना किंवा क्रमांक एका कंपनीतून दुसरीत नेताना ही नोंद नव्याने होते आणि एखादी खूण राहून जाते.

यात मंजुरी आणि चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी कंपनी देते; मंजूर सोय चालू-बंद करणे ग्राहकाच्या हातात असते. अडत्याच्या भाच्याने `*#43#` असे टाइप करून डायलचे बटण दाबले. कॉल वेटिंगची स्थिती विचारण्याचा हा संकेत आहे. ‘सेवा बंद आहे’ असे उत्तर आले तर काम सोपे: `*43#` डायल केले की ती चालू होते आणि `#43#` केले की बंद. इथे मात्र पडद्यावर `Connection problem or invalid MMI code` असे झळकले. याचा अर्थ एकतर मंजुरी नाही, नाहीतर विचारणा नेटवर्कपर्यंत पोहोचलीच नाही. फोर-जीवर अनेक फोन ही विचारणा इंटरनेटच्या वाटेने पाठवतात. मोबाइल डेटा बंद असेल तर ती वाटेतच अडते. म्हणून भाच्याने डेटा चालू करून पुन्हा पाहिले. उत्तर तेच.

मग त्याने कोणत्याही मेकॅनिकला सुचेल ती अदलाबदल केली. मामाचे सिम स्वतःच्या फोनमध्ये घातले, तर दुखणे सिमबरोबर गेले. स्वतःचे सिम मामाच्या फोनमध्ये घातले, तर टुकटुक छान वाजली. हँडसेट निर्दोष सुटला.

आणखी एक गोष्ट त्याने तपासली, ती आपल्याकडे फार जणांना चकवते. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे सिम नेटवर्कला सापडत नाही. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर फोन करणाऱ्याला ‘स्विच ऑफ’ किंवा ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ असे ऐकू येते. तो कॉल वेटिंगचा दोष नव्हे. तिथे ‘संपर्क न झाल्यास’ दुसऱ्या सिमचे कॉल पहिल्याकडे वळवून ठेवावे लागतात. अडत्याच्या गिऱ्हाइकांना ‘व्यस्त’ ऐकू येत होते, म्हणून ही शंकाही मिटली.

केंद्राला पुन्हा फोन करताना भाचा ‘वेटिंग चालत नाही’ एवढेच बोलला नाही. ‘या क्रमांकावर कॉल वेटिंग, कॉल होल्ड आणि कॉन्फरन्स या तिन्ही सप्लिमेंटरी सेवा नेटवर्ककडून चालू करा,’ असे त्याने सांगितले. तिन्ही नावे घेणे गरजेचे असते. होल्ड मंजूर नसेल तर दुसरा कॉल आल्याचे कळते, पण पहिला तोडल्याशिवाय तो घेता येत नाही. कॉन्फरन्स मंजूर नसेल तर दोन्ही कॉल चालू असतात, पण ‘मर्ज’चे बटण दाबून काही उपयोग होत नाही, कारण आवाज एकत्र करण्याचे काम फोन नव्हे, कंपनीची यंत्रणा करते. जुन्या जीएसएम मानकात आपल्याशिवाय पाच जण जोडता येतात आणि आपण लावलेल्या प्रत्येक कॉलचा हिशेब वेगळा होतो. संध्याकाळी कंपनीचा संदेश आला, फोन एकदा बंद करून चालू केला आणि टुकटुक परतली. पहिला सल्ला अगदीच वाया गेला नाही; फक्त तो शेवटी द्यायचा होता.

नेटवर्कमधली सोय हलवणे काही पर्वत हलवणे नव्हे. कॉल वळवून फसवणूक होऊ लागली तेव्हा दूरसंचार विभागाच्या आदेशाने `*401#` ची कॉल वळवण्याची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून सर्व कंपन्यांनी देशभर थांबवली. कोट्यवधींची सोय एका तारखेला बंद करता येते, मग एका अडत्याची चालू करायला आठवडा का लागावा? अडचण यंत्रात नाही. फोन उचलणाऱ्याच्या समोरच्या प्रश्नावलीत पहिली ओळ ‘रीस्टार्ट’ची आहे आणि ग्राहकाच्या सेवांची नोंद उघडून पाहण्याची ओळ शेवटी, किंवा नाहीच.

ही ओळ वर आणायला नवा टॉवर लागत नाही. या तिन्ही सोयी प्रत्येक क्रमांकाला पहिल्या दिवसापासून मंजूर असाव्यात आणि कोणत्या चालू आहेत हे कंपनीच्या ॲपवर ग्राहकाला दिसावे. ‘ट्राय’ने एवढे जरी बंधनकारक केले तरी पुष्कळ हँडसेटांवरचा खोटा आळ टळेल. तोवर वाचकांनी १९८ वर तक्रार करताना सेवांची नावे घेऊन मागणी करावी आणि डॉकेट क्रमांक मागून लिहून ठेवावा. उत्तर पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. नवा फोन मात्र सिमची अदलाबदल करून पाहिल्याखेरीज घेऊ नये.