ट्रंकेतला बाँड आणि ऐंशी रुपयांची कपात

या महिन्यात संपादकीयाच्या जागी एक गोष्ट देत आहे. तिच्यातली माणसं रचलेली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. कागद, नियम आणि हिशेब मात्र आपल्या रोजच्या कामातले आहेत. नवीन व्यवसायाच्या धावपळीत जे काम आपण सगळेच पुढे ढकलतो, ते एका जुन्या प्रतिनिधीने कसं केलं, हे व्यवसायबंधूंनी सावकाश वाचावं अशी इच्छा आहे.

सांगलीत राहणारे हे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे. एजन्सी १९७९ची. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांच्याकडे एक बाई आल्या, सोबत कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा. यजमान फेब्रुवारीत हृदयविकाराने गेले होते. पिशवीतून जुन्या कागदांचा गठ्ठा काढून बाई म्हणाल्या, "काका, यातलं टाकून काय द्यायचं आणि ठेवायचं काय, तेवढं सांगा. विम्याचं काही राहिलेलं नाही. एक पॉलिसी होती, तिचे पैसे त्यांच्या हयातीतच मिळाले."

काकांनी आधी तोच बाँड हातात घेतला. "पैसे मिळाले, तर मग हा घरात कसा, वहिनी?" साध्या एन्डोमेंटचा बाँड मुदतपूर्तीच्या वेळी कार्यालयात जमा होतो. बाँड परत घरी आला असेल, तर त्यात अजून काहीतरी शिल्लक आहे. त्यांनी चष्मा लावून योजनेचा क्रमांक वाचला. १४९, म्हणजे जीवन आनंद. मार्च २००३ला घेतलेली, मुदत सोळा वर्षं, विमा रक्कम एक लाख. मार्च २०१९ला मुदत संपली तेव्हा एक लाख आणि बोनस मिळाला होता. त्यानंतर हप्ता नाही, पावती नाही, वर्षातून एकदा येणारं पत्रही नाही. पण या योजनेत मुदतीनंतरही जोखीम चालू राहते आणि विमेदार जेव्हा जाईल तेव्हा विमा रक्कम पुन्हा एकदा द्यायची असते. वारस म्हणून पत्नीचं नाव होतं. पॉलिसीला वीस वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे चौकशीचा प्रश्न नव्हता. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ बाँड, डिस्चार्ज फॉर्म आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक इतकंच लागलं. एक लाख रुपये बाईंच्या खात्यावर जमा झाले.

इथे थोडं थांबतो. २००२नंतर आपण सर्वांनी जीवन आनंद भरभरून विकली. त्यातल्या अनेक पॉलिस्यांची मुदत आता संपली आहे किंवा संपत आली आहे. मुदतपूर्तीचा चेक आला की ग्राहकाच्या घरात ती पॉलिसी 'झाली' असं समजतात, आणि आपणही पुढच्या योजनेचं माहितीपत्रक घेऊन बसतो. माझ्या मते त्या दिवशी एकच काम महत्त्वाचं आहे. विमेदाराच्या पत्नीला किंवा मुलाला समोर बसवायचं, बाँडच्या पाठीवर ठळक अक्षरात 'मृत्यूनंतर पुन्हा रक्कम मिळेल, जपून ठेवा' असं लिहून द्यायचं. विमेदाराला सांगून उपयोग नाही. दाव्याच्या वेळी तो नसणार.

काकांनी पुढचा गठ्ठा सोडला. बँकेच्या पासबुकात दरवर्षी बारा रुपयांची आणि २०२२पासून वीस रुपयांची वजावट दिसत होती. मुलाचे डोळे चमकले. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना होती. काकांनी लगेच सांगून टाकलं, "ही अपघाताची आहे. बाबा आजारपणाने गेले, यात काही मिळणार नाही." त्याच गठ्ठ्यात १९९६-९७च्या सहामाही हप्त्याच्या चार पावत्या होत्या, मनीबॅक पॉलिसीच्या. चार सहामाही म्हणजे दोन वर्षं. त्या काळच्या पॉलिसीला पेड-अप मूल्य यायला पूर्ण तीन वर्षांचे हप्ते लागायचे. तेही काकांनी तिथल्या तिथे स्पष्ट केलं. शोधाला निघालेल्या माणसाने खोटी आशा लावू नये. वारसदार बाईंची वर्षभराची धावाधाव त्यात वाया जाते.

मग एका पाकिटात पगाराच्या स्लिपा मिळाल्या. यजमान १९८६पासून दोन तालुके पलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. १९९९ला कारखाना बंद पडला आणि ते सांगलीला हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी झाले. स्लिपा त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या कामासाठी ठेवल्या होत्या. १९९३च्या एका स्लिपवर कपातीच्या रकान्यात प्रॉव्हिडंट फंड, सोसायटी आणि त्याखाली 'विमा' असं लिहून पुढे ऐंशी रुपये होते. घरात या पॉलिसीचा बाँड नव्हता, पावतीही नव्हती, कारण पगार बचत योजनेत दरमहा पावती मिळतच नाही. बाईंना या पॉलिसीची माहिती असण्याचं कारणच नव्हतं.

मुलाने आयुर्विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमांच्या यादीत शोध घेतला. तिथे पॉलिसी क्रमांक नसला तरी चालतं, पण नाव आणि जन्मतारीख भरावीच लागते. आधारवरची तारीख घातली. काही निघालं नाही. मुलगा म्हणाला, "काका, नसेलच मग." काका म्हणाले, "पैसे कापलेत ना? मग पॉलिसी आहे. आपण तिला चुकीच्या नावाने हाक मारतोय."

त्यांनी बाईंना विचारलं की टाइम ऑफिसमधलं कुणी ओळखीचं आहे का. विट्याला एक जुने सहकारी होते. त्यांच्याकडे स्वतःचा बाँड जपून ठेवलेला होता. १९९०च्या ऑगस्टमध्ये एक प्रतिनिधी कारखान्यावर आला होता आणि त्याने एका दिवसात टाइम ऑफिसमधल्या सगळ्यांचे प्रस्ताव भरून घेतले होते, हे त्यांना चांगलं आठवत होतं. त्या बाँडवरून शाखा कळली आणि कारखान्याचा भरणा-संकेतांकही कळला. पगार बचतीत एका आस्थापनेचे सगळे विमेदार त्या एका संकेतांकाखाली नोंदवलेले असतात, आणि एकाच दिवशी आलेल्या प्रस्तावांना क्रमांक बहुधा लागोपाठ पडतात. ज्याला संगणकाआधीची लेजर माहीत आहे त्यालाच ही वाट सुचते.

काका स्वतः शाखेत जाऊन माहिती मागू शकले नसते. दुसऱ्याच्या पॉलिसीची माहिती कुणालाही देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून अर्ज बाईंच्या सहीने गेला. सोबत मृत्यूचा दाखला, स्लिपेची प्रत, कारखान्याचं नाव, संकेतांक आणि सहकाऱ्याच्या पॉलिसीची सुरुवातीची तारीख. तीन क्रमांक पुढे यजमानांची पॉलिसी निघाली. जन्मतारीख १ जून १९६२. शाळेच्या दाखल्यावरची तारीख हीच. कारखान्याच्या सेवापुस्तकात आणि तिथून प्रस्तावात तीच गेली होती. आधार काढताना त्यांनी घरच्यांनी सांगितलेली खरी तारीख, १४ नोव्हेंबर, लिहिली होती. जुन्या पॉलिसीचा शोध घेताना आधारवरची तारीख चालली नाही, तर शाळा सोडल्याचा दाखला बाहेर काढायचा. त्या पिढीत १ जून या तारखेला 'जन्मलेली' माणसं किती आहेत ते आपल्याला ठाऊक आहे.

पॉलिसी एन्डोमेंटची होती, पंचवीस वर्षांची, विमा रक्कम पंचवीस हजार. हप्ते ऑगस्ट १९९९पर्यंत भरलेले, म्हणजे तीनशेपैकी एकशे आठ. कारखाना बंद झाल्यावर पगारातली कपात थांबली. हप्ता स्वतः शाखेत भरता येतो हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. पॉलिसी विकणारा प्रतिनिधी एव्हाना व्यवसायातून बाहेर पडला होता आणि पॉलिसी अनाथ झाली होती. घरात समजूत एकच, 'कारखान्याबरोबर सगळं बुडालं.' प्रत्यक्षात पॉलिसी पेड-अप झाली होती. काकांनी कागदावर बाईंसमोर हिशेब मांडला. पंचवीस हजारांना एकशे आठने गुणायचं आणि तीनशेने भागायचं, म्हणजे नऊ हजार. त्यात नऊ वर्षांचा जमा बोनस. तो पेड-अप रकमेवर नसतो, हप्ते चालू असतानाच्या पूर्ण पंचवीस हजारांवर धरलेला असतो. हजारी साठ रुपये धरला तरी साडेतेरा हजार होतो. बोनस पेड-अप रकमेच्या दीडपट झाला, हे पाहून मुलाला आश्चर्य वाटलं. जुन्या पेड-अप पॉलिसीत असं वारंवार होतं, आणि म्हणूनच 'थोडेच हप्ते भरलेत, सोडा' असं म्हणणं चुकीचं ठरतं. कर्ज काढलेलं नव्हतं हेही त्यांनी तपासून घेतलं. पेड-अप पॉलिसीवर कर्ज असेल तर व्याज साचत जाऊन सगळी रक्कम खाऊन टाकू शकतं.

ही रक्कम ऑगस्ट २०१५ला देय झाली होती. मुदतपूर्तीचं पत्र कारखान्याच्या कॉलनीच्या पत्त्यावर गेलं असणार. तिथे तेव्हा कुणी राहत नव्हतं.

आता वारसाचा प्रश्न. पॉलिसी लग्नाच्या आदल्या वर्षीची, त्यामुळे नामनिर्देशन आईच्या नावे. लग्न १९९१ला झालं, पण नाव बदललं नाही. आई २००८ला गेल्या. मुदतपूर्तीची रक्कम विमेदाराच्या हयातीत देय झाली, म्हणजे ती त्यांचीच, आणि त्यांच्या पश्चात कायदेशीर वारसांची. इथे पत्नी, मुलगा आणि पुण्याला दिलेली मुलगी. वारसा प्रमाणपत्र आणायचं तर न्यायालयाचा खर्च आणि वेळ रकमेच्या मानाने फार झाला असता. रक्कम लहान आणि वारसांत वाद नसल्यावर कार्यालय त्या प्रमाणपत्राची अट शिथिल करू शकतं. काकांनी तसा अर्ज लिहून दिला. तिन्ही वारसांचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही मुलांचं आईच्या नावे संमतीपत्र, हमीपत्र, बाँड हरवल्याचं निवेदन आणि दोन जन्मतारखांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. हा शेवटचा कागद आधीच जोडला नसता, तर फाइल त्यासाठी परत आली असती. पैसे जमा व्हायला उन्हाळा उजाडला.

दोन्ही पॉलिस्या काकांनी विकलेल्या नव्हत्या. या कामाचं कमिशन नाही, क्लबच्या सभासदत्वात ते मोजलं जात नाही. आपल्या व्यवसायाने या कामाला काही मोल द्यायला हवं, असं मला तीव्रतेने वाटतं, आणि विकास अधिकाऱ्यांच्या बैठकांत हा विषय निघायला हवा.

शेवटी तारखांचं गणित. देय झाल्यावर दहा वर्षं कुणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. दरवर्षी ३० सप्टेंबरला दहा वर्षं उलटलेल्या रकमा मोजतात आणि पुढच्या १ मार्चपर्यंत त्या वर्ग होतात. वर्ग झाल्यावरही पंचवीस वर्षं वारसाला दावा करता येतो, तोही विमा कंपनीमार्फतच, त्यामुळे 'आता सरकारजमा झालं' असं सांगून कुणाला परत पाठवू नका. आपल्या भागात १९९०च्या आसपास पगार बचतीवर चालणारे कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ कोणते होते आणि त्यातले कोणते बंद पडले, याची यादी प्रत्येक शाखेतले चार जुने प्रतिनिधी एका दुपारी बसून करू शकतात. यादी करणाऱ्यांनी मासिकाकडे पाठवली, तर आम्ही ती जिल्हावार छापू.