विश्लेषण : चष्म्यासाठी जास्त पैसे कुठे मोजावेत?

चष्म्याच्या दुकानात फ्रेम पसंत पडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘काच साधी देऊ की पातळ?’ बिल खरे फुगते ते इथेच. मात्र पातळ काच घ्यायची की नाही, हे आपल्या नंबरावर ठरायला हवे.

पातळ काच म्हणजे काय?

साध्या प्लास्टिकच्या काचेचा इंडेक्स १.५० असतो. १.६७ इंडेक्सची काच प्रकाश जास्त वळवते, म्हणून तेवढ्याच नंबराला कमी जाडी पुरते. मायनस नंबरात काच मधोमध पातळ आणि कडेला जाड असते. बाहुलीसमोरच्या बिंदूपासून फ्रेमची कड ३० मिलिमीटरवर आहे असे समजू. नंबर उणे २ असेल, तर साधी काच मध्यापेक्षा कडेला सुमारे १.८ मिलिमीटरने जाड होते आणि १.६७ची १.३ने. अर्ध्या मिलिमीटरसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

नंबर मोठा असेल तर?

उणे ६ नंबराला हेच आकडे ५.४ आणि ४ होतात. इथे फरक दिसतो आणि वजनातही जाणवतो. पण लहान फ्रेम निवडून कड २५ मिलिमीटरवर आणली, तर साधी काचही पावणेचारवर येते. साध्या काचेचा मधला भाग थोडा जाड असतो. तो धरला तरी मोठ्या फ्रेममधली महाग काच आणि लहान फ्रेममधली साधी काच जवळपास सारखीच भरते. म्हणून मोठ्या नंबराला आधी फ्रेम लहान घ्यावी, मग इंडेक्सचा विचार करावा.

कोटिंगचे काय?

साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, १.६७वरून सुमारे १२ टक्के. त्यामुळे पातळ काच घेतली तर अँटिग्लेअर हवेच. रात्री गाडी चालवणाऱ्याला साध्या काचेवरही ते उपयोगी पडते. ‘ब्लू कट’चे तसे नाही. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने कमी होत असल्याचे २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत.

मग पैसे कुठे घालावेत?

चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्ह काचेत. लांबचे, मधले आणि जवळचे दिसण्याचे भाग एकाच काचेत उतरवलेले असतात आणि दोन्ही बाजूंना थोडे धूसर दिसते. स्वस्त काचेत मधला स्पष्ट पट्टा बहुधा अरुंद असतो. पण महाग काचही चुकीच्या मापावर बसवली तर वाया जाते. तुम्ही निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर ठेवून दोन्ही बाहुल्यांचे अंतर आणि उंची वेगवेगळी मोजली जाते का, ते पाहा. मोजत नसतील, तर प्रोग्रेसिव्ह तिथे घेऊ नका.

फ्रेमवरचे नाव ही हौस आहे. त्याने नजरेत फरक पडत नाही.