जर्मन माणसाच्या माहितीला करार, आपल्या जातीच्या दाखल्याला काय?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीची आपली शिकलेली मुले-मुली आज पुण्यात हिंजवडीला, नागपुरात मिहानमध्ये कामाला आहेत. त्यातल्या अनेकांसमोरच्या संगणकावर परदेशातल्या माणसांची माहिती उघडते. कुणाचा पगार, कुणाचे आजारपण, कुणाचा विम्याचा दावा. रुजू होताना त्यांच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतात, काही ठिकाणी मोबाइल दाराशी ठेवायला लावतात, कागद-पेनही आत नेऊ देत नाहीत. मुलांना हा जाच वाटतो, पण तो मॅनेजरच्या लहरीतून आलेला नसतो. त्यामागे परदेशी कंपनीशी केलेला करार असतो, आणि त्या करारात कायद्याचे एक मोठे राजकारण दडलेले आहे.

थोडे मागे जाऊ. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरचे प्रकरण देशभर गाजले. सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे काम तिथे चालत असे. काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांकडे वळवल्याचा आरोप झाला, अटका झाल्या. फौजदारी गुन्हा नोंदवण्यापुरता कायदा तेव्हा होता. पण कंपनीने परक्याची माहिती नीट सांभाळली नाही म्हणून भरपाई द्यावी, असे सांगणारे कलम नव्हते. ते माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ म्हणून आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. त्याखालचे नियम २०११ ला निघाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने खुलासा केला की परदेशी कंपनीशी करार करून काम करणाऱ्या इथल्या कंपन्यांना माहिती गोळा करण्याचे आणि ती उघड करण्याचे नियम लागू नाहीत. म्हणजे परक्यांची माहिती सांभाळण्याचा भार कायद्याने बराचसा करारावरच सोडून दिला.

युरोपला हे कसे चालते? युरोपचा नियम असा की आपल्याकडच्या माणसाची माहिती अशाच देशात न्यावी जिथे कायदा तिला पुरेसे संरक्षण देतो. अशा देशांची यादी युरोपियन आयोग ठरवतो. जपान तिच्यात २०१९ ला आला, दक्षिण कोरिया २०२१ ला. भारत त्या यादीत नाही. मग कंपन्यांसमोर दुसरे मार्ग उरतात. प्रत्येक माणसाची संमती घ्यावी, तर ती केव्हाही मागे घेता येते आणि रोजच्या व्यवहाराला तो आधार चालत नाही. एकाच समूहातल्या कंपन्यांसाठी अंतर्गत नियमावली मंजूर करून घ्यावी, तर ती बाहेरच्या ठेकेदाराला उपयोगी नाही आणि मंजुरीला वेळ जातो. राहिला करार. त्याचा मसुदा आयोगाने स्वतःच छापून ठेवला आहे, सध्याचा ४ जून २०२१ चा. त्यातली कलमे बदलायची नाहीत, आधी परवानगी मागायची नाही. दोघांनी सह्या केल्या की माहिती निघाली. कंपन्यांना करार प्रिय आहे तो याच सोयीमुळे, नीतिमत्तेमुळे नव्हे.

तरीही त्या मसुद्यात एक गोष्ट अशी आहे जी वकील म्हणून मला फार मोलाची वाटते. समजा, जर्मनीतल्या विमा कंपनीने दाव्यांचे काम पुण्याच्या कंपनीला दिले. करार या दोघींत झाला. ज्याची माहिती आहे तो रुग्ण कुठेच सही करत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याखालची न्यायालयीन रीत अशी की करारात नसलेल्या तिऱ्हाईताला, काही अपवाद सोडले, तर त्यावर दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एम. सी. चाको खटल्यात हेच सांगितले. युरोपचा मसुदा हे ओळखून आहे. म्हणून त्यात लिहिले आहे की हा रुग्ण तिऱ्हाईत असूनही करारातली बरीचशी कलमे स्वतःच्या नावाने बजावून घेऊ शकेल, नुकसानभरपाई मागू शकेल, कराराची प्रत फुकट मागू शकेल. आणि कराराला कायदा युरोपातल्या अशाच देशाचा लागेल, जिथे तिऱ्हाईताचा हा हक्क मानला जातो. पुण्याच्या कंपनीने काम पुढे दुसऱ्याला दिले तर त्यालाही ह्याच अटी. माहिती फुटली तर विनाविलंब जर्मनीला कळवायचे. तुमच्या मुलाचा मोबाइल दाराशी का राहतो, ते आता लक्षात यावे.

कराराला मर्यादाही आहे. दोन कंपन्यांचा करार सरकारला बांधत नाही. २०२० च्या जुलैत युरोपच्या न्यायालयाने हेच बोट दाखवले की कागद कितीही चांगला असो, तिकडचे सरकार माहिती उचलत असेल तर तो पुरेसा नाही. याच मुद्द्यावर मे २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीला आयर्लंडमध्ये १२० कोटी युरोचा दंड झाला. तिच्याकडेही छापील करार होताच. आपल्या २०२३ च्या कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. पुण्याशी करार करणाऱ्याने हे तपासायचे असते. किती जण खरेच तपासतात, हा प्रश्न वेगळा.

आता उलट दिशेला पाहा. तोच आपला हिंगणघाटचा मुलगा जर्मनीत शिकायला गेला की त्याच्या माहितीलाही ते संरक्षण मिळते, कारण युरोपचा कायदा नागरिकत्व विचारत नाही. पण तोच मुलगा घरी बसून एखाद्या खासगी शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या ॲपवर जातीचा दाखला चढवतो आणि तो दाखला परदेशातल्या सर्व्हरवर जातो, तेव्हा काय?

११ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत मांडलेल्या विधेयकात याचे उत्तर होते. त्यात जात आणि जमात ही संवेदनशील माहिती मानली होती. ती बाहेर न्यायची तर स्पष्ट संमती हवी आणि सोबत प्राधिकरणाने मंजूर केलेला करार किंवा तशीच दुसरी मान्यता हवी. नुकसान झाले तर जबाबदारी कुणाची, तेही करारात लिहिलेले हवे. प्रतही देशात राहिली पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात संवेदनशील माहिती हा प्रकारच नाही. जात आणि चपलेचा नंबर एकाच पायरीवर. सरकार ज्या देशांना अधिसूचनेने मना करेल ते सोडून सगळे देश माहितीला खुले. काम दुसऱ्याला देताना वैध करार हवा आणि त्यात सुरक्षेची तरतूद हवी, एवढे कायदा व नियम म्हणतात; पण त्या करारावर बोट ठेवून दाद मागण्याचा हक्क दाखल्याच्या मालकाला दिलेला नाही.

दंड मात्र मोठा आहे, २५० कोटींपर्यंत. तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची जात बाजारात गेली त्याला त्यातला रुपया नाही. आणि ज्या कलम ४३-अ मध्ये भरपाई होती ते हाच कायदा रद्द करतो. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये, ते जाणार असे ठरले. (त्या कलमाखालच्या २०११ च्या नियमांतल्या संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड आहे, बँकेचा तपशील आहे, आजार आहे, जात तिथेही नव्हती.)

परदेशात शिकणाऱ्या मुलांनी एवढे करावे. विद्यापीठाला किंवा मालकाला लेखी विचारावे की माझी माहिती युरोपबाहेर कुठे जाते आणि कोणत्या आधारावर. करार असेल तर प्रत मागावी. इथे राहणाऱ्यांना नव्या कायद्याचे कलम ११ लागू झाल्यावर, संमतीने दिलेली आपली माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे विचारता येतील. त्यांच्यातला करार दाखवा, असे म्हणण्याची सोय त्या कलमात नाही.