‘रूम टेम्परेचर’ म्हणजे नेमकं किती?

बारावीच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘इडलीचं पीठ रूम टेम्परेचरला आठ तास ठेवलं’ असं लिहिलंय? खोडा ते वाक्य. कामठीत जानेवारीची रात्र आणि मेची रात्र सारखी असते का? मेमध्येसुद्धा कूलरची खोली वेगळी, स्लॅबखालचं स्वयंपाकघर वेगळं. मग कोणती रूम?

माझं दुसरं भांडण त्या आठ तासांशी आहे. एकाच भांड्यातलं पीठ सरळ काचेच्या ग्लासांत 100 मिली ओता. दोन ग्लास कूलरच्या खोलीत, दोन स्वयंपाकघरात ठेवा. जोडीतल्या एका ग्लासात थर्मामीटर बुडवा, कारण तापमान पिठाचं हवं, हवेचं नाही. दुसऱ्याला पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा आणि दर तासाला उंची मोजा. ढवळू मात्र नका, गॅस निघून जातो.

आता समजा, आठ तासांनीच पाहिलं आणि दोन्हीकडे उंची सारखी निघाली. तुम्ही लिहिणार, तापमानाचा फरक पडत नाही! पण गरम जागेतलं पीठ आधीच भरपूर फुगून खाली बसलेलं असू शकतं. ओळखायचं कसं? ग्लासला वर चिकटलेला पिठाचा पट्टा बघा. त्यात पीएच पेपर बुडवला तर ते जास्त आंबटही निघेल, कारण फुगणं थांबलं तरी आम्ल तयार होत राहतं.

आणि हो, फुगवण्याचं सगळं श्रेय यीस्टला देऊ नका. ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूचं काम, हे 1965 मध्येच दाखवलं गेलंय.