हाताचा गुन्हा कोणता?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दावणीला चार जनावरे असलेल्या कुठल्याही घरी पहाटे पाचला जा. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोचायचे असते. त्याआधी धार काढायची, शेण काढायचे आणि वैरण कुट्टी करून गव्हाणीत टाकायची. गोठ्याच्या कोपऱ्यात मोटारीवर चालणारे कुट्टी यंत्र घरघरत असते आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा घरातली बाई उभी असते. काखेत उसाच्या वाड्याचा किंवा मक्याचा पेंढा, पदर खोचलेला, हातात काचेच्या बांगड्या. पेंढा पन्हाळीत ठेवायचा, पुढे रेटायचा, दुसरा उचलायचा. एक दिवस पेंढ्याबरोबर हातही आत जातो.

मग गाव जमते, आणि दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘लक्ष नव्हते तिचे.’ दुसरे, ‘नशिबात होते, त्याला कोण काय करणार!’ पहिल्या वाक्याने दोष बाईवर जातो आणि दुसऱ्याने देवावर. यंत्राकडे कोणीच बोट दाखवत नाही. चार दिवसांनी रक्त धुऊन तेच यंत्र पुन्हा सुरू होते आणि आता त्याच्यापुढे सून उभी असते. खंडेनवमीला त्याच यंत्राला हळद-कुंकू लागते, झेंडूची माळ पडते. सोबत आलेला पत्र्याचा झाकण-भाग मात्र काढून माळ्यावर टाकलेला असतो, कारण तो ‘मध्ये येतो’.

ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि ती बोलून आपण सगळे अंग काढून घेतो, असा माझा आरोप आहे.

आधी ‘लक्ष नव्हते’ हे वाक्य घेऊ. माणसाच्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांचे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. अमेरिकेत डोनाल्ड नॉर्मन आणि इंग्लंडमध्ये जेम्स रीझन यांनी हा भेद नीट मांडला. आपल्या भाषेत एकीला हातची चूक म्हणू, दुसरीला समजुतीची चूक. चहात साखर घालायची होती, मनात साखरच होती, पण हात शेजारच्या तशाच डब्याकडे गेला आणि मीठ पडले. ही हातची चूक. कोणीतरी साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवले होते आणि तुम्ही ते साखर समजून विश्वासाने घातले. ही समजुतीची चूक. पहिलीत हेतू बरोबर होता, कृती घसरली. दुसरीत कृती हेतूप्रमाणेच झाली, पण तो हेतूच चुकीच्या समजुतीवर उभा होता. दोन्ही वेळा चहा खारटच झाला, तरी रोग दोन आहेत. औषधही दोन लागतात.

गोठ्यातली बाई पेंढा रेटत होती. काय करायचे हे तिला पक्के ठाऊक होते. दहा वर्षे रोज केलेले काम डोक्यातून उतरून हातात गेलेले असते. त्याला लक्ष लागत नाही, म्हणून तर ते वेगाने होते. हातची चूक नवशिक्याकडून कमी आणि सरावलेल्याकडून जास्त होते, ती याच कारणाने. नवी सून भीत भीत दोन हात लांबून वैरण ढकलते. सासूचा हात बिनधास्त रुळाजवळ जातो. मग ‘लक्ष दे’ या उपदेशाचा अर्थ काय उरला? सरावाने जे लक्षाबाहेर गेले, त्यावर रोज पहाटे तासभर लक्ष ठेव, असे आपण सांगतो आहोत. माणसाच्या मनाला ते जमत नाही. जमले असते तर एकाही लेखनिकाच्या हातून कधी अक्षर चुकले नसते.

आता यंत्राचा हिशेब पाहा. पन्हाळीच्या टोकाला दोन दातेरी रूळ असतात. ते वैरण पकडून आत ओढतात, आणि पलीकडे चाकावर बसवलेली पाती तिचे तुकडे करतात. समजा चाक मिनिटाला 500 फेरे घेते, त्यावर दोन पाती आहेत आणि तुकडा दोन सेंटिमीटरचा पडतो. म्हणजे मिनिटाला 1000 काप आणि वैरणीचा वेग मिनिटाला 2000 सेंटिमीटर, सेकंदाला सुमारे 33. हात रुळापासून वीतभर अंतरावर असताना बांगडीत किंवा बोटांत मक्याचे पान अडकले, तर बोटे रुळात जायला जेमतेम दोन तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात काय घडते आहे ते कळायचे, हात सोडवायचा किंवा भिंतीवरचे बटण गाठायचे. हे कोणाला जमणार आहे? आपण त्या बाईला एक शर्यत लावली आहे आणि ती हरली म्हणून तिलाच दोषी ठरवतो आहोत.

यावरचा उपाय साधा आहे. हात चुकणारच हे धरून चालायचे, आणि चुकलेला हात रुळापर्यंत पोचणार नाही एवढी पन्हाळ लांब करायची. मळणी यंत्रासाठी भारतीय मानकाने हेच सांगितले आहे: धान्य घालायची पन्हाळ किमान 90 सेंटिमीटर लांब, आणि त्यातली ड्रमकडची 45 सेंटिमीटर वरून झाकलेली. हे आकडे माणसाच्या देहावरून आले आहेत. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात साधारण 70 सेंटिमीटरचा; त्यामुळे पन्हाळीच्या तोंडाशी उभ्या माणसाची बोटे ड्रमपर्यंत जातच नाहीत. मग लक्ष असो वा नसो. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या खेड्यांत जाऊन अपघात कसे घडतात ते पाहिले आणि कुट्टी यंत्रात फेरफार सुचवले. रुळांच्या अलीकडे आणखी एक रूळ, जो हाताला आधी लागून सावध करील, पात्यांवर आच्छादन, आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायची खीळ, कारण हाताने फिरवायच्या यंत्राशी खेळताना मुलांची बोटे जात होती. त्या मुलांना कोणते लक्ष देण्याचा उपदेश करणार होतो आपण?

आता समजुतीची चूक. वैरण रुळात गुंतते, यंत्र अडते, आणि त्याच क्षणी लाईट जाते. मोटार गप्प होते. बटण चालूच राहिलेले असते, पण यंत्र थांबले आहे असे डोळ्यांना आणि कानांना वाटते. माणूस आत हात घालून गुंता काढू लागतो. त्याचे पुरेपूर लक्ष आहे, हात थरथरत नाही. चूक फक्त समजुतीत आहे: ‘थांबलेले’ म्हणजे ‘बंद’ असे त्याने मानले. मिनिटाने लाईट येते.

इथे लांब पन्हाळ अपुरी पडते, कारण माणूस मुद्दाम आत शिरला आहे. इथे यंत्राने खोटे बोलणे थांबवले पाहिजे. लाईट गेली की आपोआप सुटणारा आणि लाईट आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू न करणारा स्टार्टर असतो. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की कॉइलचे चुंबकत्व जाते आणि संपर्क तुटतो, तो पुन्हा आपणहून जुळत नाही. मग ‘थांबलेले’ म्हणजे खरोखरच ‘बंद’ होते. विहिरीवर आपण नेमके उलट करतो: रात्री-अपरात्री लाईट आली की मोटार आपोआप चालावी म्हणून ‘ऑटो’ बसवतो. विहिरीवर ती सोय आहे. तीच सवय गोठ्यात आणली, तर ती हात मागते. शिवाय गुंता काढायला आत हात घालावाच लागू नये, म्हणून रूळ उलटे फिरवणारा दांडा बाहेर, सहज हाती येईल असा हवा आणि तो ओढल्यावर खरोखर चालायला हवा.

पण दांडा ओढतानाही चुका होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर नीट उतरल्यावर पोटावर आपटत होती. पंखांच्या झडपा मिटायला गेलेले वैमानिक चाके मिटत होते. शिक्षा, तंबी, पुन्हा प्रशिक्षण हा मार्ग मोकळा होता. पण अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारखे आहेत. ज्या विमानांत ते वेगळे होते तिथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या खटक्याला चाकासारखी रबरी मूठ आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवली. वैमानिक तेच राहिले, चूक मात्र थांबली. लढाईतल्या वैमानिकालाही अधिक सावध होण्यापलीकडचा उपाय लागला, तर पहाटे उठलेल्या बाईकडून आपण कोणती अपेक्षा करतो?

आपल्याकडे ही अक्कल नव्हती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या मालात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर होते. 1910 साली त्यांनी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. ती भ्रामक समजूत आपण टाकली. तिच्या जागी ‘यंत्र ज्याचा घास घ्यायचा त्याचा घेते’ ही दुसरी उराशी धरली. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी रूढीला बुद्धीपुढे जाब द्यायला लावले. त्यांच्या मुलखात आज नशिबाला जाब कोण विचारतो?

कायद्याची तऱ्हा पाहा. कारखान्यातल्या यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण हवे, असे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले, आणि 1987 च्या दुरुस्तीने यंत्राची रचना करणाऱ्यावर आणि ते बनवणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. धोकादायक यंत्रांसाठी 1983 मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात मळणी यंत्राचे नाव आहे. पण गोठा म्हणजे कारखाना नव्हे, आणि त्यात राबणारी बाई कोणाच्या मस्टरवर नाही. तिचा हात गेल्यावर मात्र शासन जागे होते: शेतकरी अपघात योजनेत एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास 1 लाख रुपये. हात गेल्यावर लाख देणाऱ्या समाजाला आधी पत्र्याची पन्हाळ आणि एक स्टार्टर परवडत नाही!

झाकण काढून टाकणाऱ्या घरमालकालाही मी सोडत नाही, पण त्याचेही एक म्हणणे ऐकले पाहिजे. जे झाकण वैरण अडकवते, काम दुप्पट करते आणि दोन नटांत निघते, ते निघणारच. सुरक्षित रीत हीच सोपी रीत झाली, तरच ती टिकते. हे काम यंत्र बनवणाऱ्याचे आहे, उपदेशकाचे नाही. अनुदानावर कुट्टी यंत्रे वाटणाऱ्या कचेऱ्यांनी लांब पन्हाळ, बाहेरचा उलटा दांडा आणि नो-व्होल्ट स्टार्टर नसलेल्या यंत्राला एक पैसा देऊ नये.

आणि वाचकहो, तुम्ही आजच दोन गोष्टी करा. मेन स्विच बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावर, एक काठी पन्हाळीच्या तोंडापासून रुळापर्यंत घालून मोजा. ती घरातल्या सर्वांत लांब हातापेक्षा आखूड भरली, तर ते यंत्र कोणाचा तरी हात घेणार आहे. मग यंत्र रिकामे चालवा, सगळ्यांना दूर उभे करा, मेन स्विच पाडा आणि पुन्हा चढवा. ते आपोआप सुरू झाले, तर उद्या गाडी काढून स्टार्टर आणा. या दोन्ही कसोट्यांत नापास झालेल्या यंत्राला खंडेनवमीला माळ घालू नका.