बाण कोठे तुटला?

गेल्या मे महिन्यात लोहाऱ्यात आमचे थोरले बंधू एका सकाळी उठून उभे राहिले आणि उंबऱ्यापाशीच भोवळ येऊन खाली बसले. वय 68. आदल्या दिवशी त्यांना पाच-सहा जुलाब झाले होते. उन्हाचा कडाका होता. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नियम, त्यामुळे गेलेले पाणी रात्रभरात भरून निघाले नाही. पहाटे गुडघा दुखू लागला म्हणून घरातली वेदनाशामक गोळी घेतली, आणि तिच्याबरोबर नित्याची रक्तदाबाची गोळीही. दवाखान्यात आडवे असताना रक्तदाब 100/64 भरला, उभे केल्यावर 82/54. नाडीचे ठोके 118. रक्ततपासणीत क्रिएटिनिन 2.1 आले. हिवाळ्यातल्या तपासणीत तेच 1.0 होते.

घरातील सर्वांचा प्रश्न एकच होता : पोट बिघडले होते, मग मूत्रपिंडाचा काय संबंध?

दादांची नात परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पाठ केलेले उत्तर दिले, पण ते तिचे तिलाच पटेना. मी पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे. मी तिला जुन्या दिनदर्शिकेचा कोरा मागचा भाग दिला आणि संकल्पना-नकाशा काढण्यास सांगितले. ही पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जोसेफ नोव्हाक यांनी 1970च्या दशकात रूढ केली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही जीवशास्त्राच्या संदर्भात तिच्यावर काम झालेले आहे. नियम साधा आहे. चौकटीत नाम लिहायचे आणि बाणावर क्रियापद. बाण शब्दाविना सोडायचा नाही. ‘हृदय’ आणि ‘मूत्रपिंड’ यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली, तर काढणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे झाकले जाते.

तिने मध्यभागी ‘रक्तदाब कमी’ अशी चौकट काढली. तेथून ‘मानेतील रोहिणीचे संवेदक’ या चौकटीकडे बाण नेला आणि त्यावर लिहिले, ‘उत्तेजित करतो’. ही चूक मी वर्गात शेकडो वेळा पाहिली आहे. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत जे चेतातंतू आहेत, ते भिंत ताणली गेली की संदेश पाठवतात. दाब उतरला की ताण कमी होतो, आणि संदेशही कमी होतात. मस्तिष्कपुच्छाला धोक्याची वर्दी मिळते ती या अबोल्यातून. मग ते हृदयाचा वेग वाढवते, त्याचे आकुंचन जोरकस करते आणि त्वचेच्या व आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळते. हे सारे काही सेकंदांत घडते. दादांची नाडी 118 होती, हातपाय गार होते, ते याचमुळे. (हृदयाचा वेग रोखणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर नाडी इतकी चढत नाही, आणि पाहणाऱ्याची फसगत होते.)

दुसरा बाण मूत्रपिंडाकडे गेला. हृदयाने फेकलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा विश्रांतीच्या वेळी मूत्रपिंडांत जातो. तेथे दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतला जातो. गाळण्यासाठी दाब हवा. तो घटला की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी रेनिन सोडतात. रेनिन यकृताकडून आलेल्या एका प्रथिनापासून पहिले अँजिओटेन्सिन तयार करते, आणि मुख्यतः फुप्फुसांतून जाताना त्याचे दुसरे, खरे प्रभावी रूप बनते. येथून नकाशावर एकदम चार बाण फुटतात. एक रक्तवाहिन्यांकडे, तो त्या आवळतो. एक अधिवृक्क ग्रंथीकडे, जी अल्डोस्टेरॉन सोडून मीठ आणि त्याच्यामागोमाग पाणी अडवून ठेवायला लावते. पण याला तास-दीड तास लागतो. एक मेंदूकडे, जेथे तहान लागते आणि पियूषिका ग्रंथीतून मूत्र आटवणारे संप्रेरक सुटते. लघवी थोडी आणि गडद होते ती त्यामुळे.

चौथा बाण तिने काढलाच नव्हता, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच होते. मूत्रपिंडाच्या प्रत्येक गाळणीला एक रक्तवाहिनी आत येणारी असते आणि एक बाहेर जाणारी. दाब उतरल्यावर अँजिओटेन्सिन मुख्यत्वे बाहेर जाणारीला आवळते, तर प्रोस्टाग्लँडिन नावाची स्थानिक द्रव्ये आत येणारीला सैल ठेवतात. येणारा मार्ग रुंद, जाणारा अरुंद, म्हणून शरीराचा दाब खाली असूनही गाळणीतला दाब तगून राहतो. निसर्गाची ही युक्ती मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

“आता आजोबांच्या गोळ्या या कागदावर ठेव,” मी म्हणालो.

तिने खोक्यावरची नावे वाचली. रक्तदाबाच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन औषधे होती. पहिले अँजिओटेन्सिनला त्याच्या कामाच्या जागी बसू देत नाही. दुसरे मूत्रावाटे मीठ-पाणी बाहेर टाकते. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. ती प्रत्येक गोळी एखाद्या अवयवाच्या चौकटीवर ठेवू पाहत होती, पण तेथे जागाच सापडेना. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले.

“आबा, गोळ्या चौकटीवर बसतच नाहीत. त्या बाणांवर बसतात.”

तिने तांबडी पेन्सिल घेऊन बाण खोडायला सुरुवात केली. बाहेर जाणारी वाहिनी आवळणारा बाण गेला. आत येणारी सैल ठेवणारा गेला. पाणी राखणाऱ्या बाणाच्या विरुद्ध दिशेने एक नवा बाण आला. जुलाबांनी मूळ दाब आधीच खाली आणला होता, आणि ज्या वाटांनी तो सावरायचा त्याच बंद होत्या. गाळण घटली, म्हणून क्रिएटिनिन रक्तात साचले.

येथे एक गैरसमज होऊ नये. याच गोळ्या एरवी दादांच्या हृदयाचे आणि मूत्रपिंडांचे रक्षण करीत होत्या, आणि भरल्या शरीरात हा अडथळा हितकारकच ठरतो. शरीरातले पाणी गेलेले असताना तोच महागात पडतो. म्हणून जुलाब, उलट्या किंवा कडक उपवास असेल त्या दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यावी की थांबवावी, हे सकाळीच डॉक्टरांना विचारावे; मनाने बंद करू नये. वेदनाशामक गोळी मात्र अशा दिवशी विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. ओआरएसचे पुडके एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोटघोट घ्यावे. उभे राहताच अंधारी येणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

दादांना शिरेवाटे सलाइन दिले गेले. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या. दुसऱ्या दिवशी लघवी मोकळी झाली, आणि चौथ्या दिवशी उमरग्याहून आलेल्या अहवालात क्रिएटिनिन 1.2 होते. रक्तदाबाची गोळी आठवड्याने पुन्हा सुरू झाली. गुडघ्याला सध्या शेक आणि लेप यांवर भागते. नियमाबाबत दादांनी स्वतःच तोड काढली : उन्हाळ्यात दिवस मावळण्यापूर्वीचे दोन तास ते पाण्याचा तांब्या जवळ ठेवून बसतात, आणि आजारपणात नियमाला सूट घेतात.

नकाशा अजून त्यांच्या औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला आहे. नातीने नंतर त्यात प्रत्येक बाणापुढे वेळ लिहिली : सेकंद, मिनिटे, तास. आणि शेवटी सर्व टोके परत ‘रक्तदाब’ या चौकटीकडे वळवून आणली, कारण तिच्या पहिल्या कागदावर ती हवेतच लोंबत राहिली होती.